मोटर दुरुस्त केली म्हणजे नक्की काय केलं?

गेल्या वर्षी जानेवारीत बाबांनी मला व्हॉट्सअॅपवर एका कागदाचा फोटो पाठवला. मी पुण्यात, कॅमेरा बंद करून एका लांबलेल्या मीटिंगमध्ये बसलो होतो. फोटोत वाइंडिंगच्या दुकानाच्या पॅडवरचं अंदाजपत्रक होतं. वर दुकानाचं नाव, तारीख, बाबांचं नाव, आणि मग एकच ओळ: ‘५ एचपी सबमर्सिबल मोटर दुरुस्ती – ३६००/-’. सगळ्यात खाली आधीच छापलेलं होतं, ‘वाइंडिंगची गॅरंटी ३ महिने’. बाबांनी विचारलं होतं, ‘देऊ का करायला?’ मी अंगठा पाठवला.

एकवीस दिवसांनी मोटर परत जळाली.

आमचं सुलतानपूर मेहकर आणि लोणारच्या मधे. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा नाहीतर गहू. त्या वर्षी दोन एकर गहू होता आणि तो नेमका पोटरीत आला होता. या टप्प्यावर गव्हाचं पाणी चुकलं की दाण्याला मार बसतो, हे सांगायला कृषी विद्यापीठ लागत नाही. मोटर बोअरमध्ये. ती वर काढायची, दुकानात न्यायची, भरून आणायची आणि परत सोडायची. काढण्या-सोडण्याचेच अठराशे रुपये. आता तेही दुसऱ्यांदा.

बाबा दुकानात गेले. मिस्त्री म्हणाले, ‘काका, तवाच सांगितलं होतं ना, दोनच फेज भरतो म्हणून? तिसरी चांगली होती, तुम्हीच म्हटलं कमी पैशात करा.’ बाबा म्हणाले, ‘मी म्हटलं कमी पैशात करा. अर्धी करा असं कुठं म्हटलं? आन् कागदावर वाइंडिंगची गॅरंटी आहे.’ मिस्त्री म्हणाले, ‘आहे ना, म्या भरलेल्या वाइंडिंगची आहे. जळाली ती जुनी आहे.’

मला हा संवाद फोनवर दोन वेळा ऐकायला मिळाला, दोघांकडूनही. त्यात कुणीही खोटं बोलत नव्हतं. मिस्त्रींनी तोंडी खरंच सांगितलं होतं, आणि बाबांना ते खरंच समजलं नव्हतं. पुरावा म्हणून कागद काढला, तर त्यावर ‘दुरुस्ती’ लिहिलेलं. तो शब्द मिस्त्रींच्या बाजूनेही साक्ष देत होता आणि बाबांच्याही.

माझं भांडण त्या शब्दाशी आहे. दुरुस्ती, रिपेअर, रिपेअरिंग, ‘काम केले’, ‘ओके केले’ हे शब्द ग्राहकाने दुकानात शिरताना वापरावेत. ग्राहकाला तेवढंच हवं असतं आणि तेवढंच कळत असतं. दुकानदाराने सही करून दिलेल्या अंदाजपत्रकावर मात्र हे शब्द बंद व्हायला हवेत.

आधी मोटरच्या पोटात काय असतं ते पाहू, म्हणजे एका शब्दाखाली किती वेगवेगळी कामं दडतात ते दिसेल.

बोअरची तीन फेजची मोटर म्हणजे एक लांब नळकांडं. बाहेरचा न फिरणारा भाग स्टेटर, आत फिरणारा रोटर. स्टेटरला आतून उभ्या खाचा असतात, समजा चोवीस. तीन फेजचे तीन वाइंडिंग या खाचांत वाटलेले असतात, प्रत्येकाच्या वाट्याला आठ खाचा. पाण्याने भरलेल्या मोटरीत तांब्याच्या तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टन असतं आणि ती तार सरळ पाण्यातच बुडालेली असते. वाइंडिंग भरायचं म्हणजे ही तार सुईत दोरा ओवावा तशी एका खाचेतून वर आणि दुसऱ्या खाचेतून खाली, असं करत मोजून ओवायची. शेतकरी ‘मोटर भरायला टाकली’ म्हणतात ते यामुळे. आणि हे ‘भरणे’ फार नेमकं क्रियापद आहे. ते तुम्हाला सांगतं की पिंजरा जुनाच आहे, आत घातलंय ते नवीन.

आता आमच्या मोटरीचं काय झालं? पहिल्यांदा उघडली तेव्हा दोन फेज काळ्याठिक्कर होत्या आणि तिसरी जवळजवळ नव्यासारखी. जाणकाराला हे दिसताक्षणी कारण कळतं. स्टारमध्ये जोडलेल्या मोटरीत बाहेरची एक लाईन गेली, की उरलेल्या दोन लाईनींमधून येणारा करंट दोन वाइंडिंगांतूनच जातो आणि तिसरं वाइंडिंग रिकामं बसून राहतं. त्या दोघांवर पेलवेनासा भार येतो, ते तापतात आणि जळतात. म्हणजे ‘दोन काळ्या, एक चांगली’ हा मोटरीने स्वतः लिहून ठेवलेला पंचनामाच आहे. रात्रीच्या लाईनीत एक फेज गेली होती आणि मोटर दोन फेजवर ओढत राहिली होती.

मिस्त्रींनी जळालेल्या दोन फेज भरल्या आणि तिसरी तशीच ठेवली. वरवर पाहता हे बरोबर वाटतं. जे जळालं ते बदललं, जे चांगलं ते ठेवलं. पण तिन्ही वाइंडिंगांची डोकी स्टेटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांवर चढलेली असतात. दोघांची जळकी तार ओढून काढताना तिसरीला धक्का लागतोच. शिवाय ती जळाली नसली, तरी त्याच नळकांड्यात, त्याच तापलेल्या पाण्यात बसलेली होती. वाइंडिंगच्या वेष्टनाबद्दल इंजिनिअरांमध्ये एक जुना ठोकताळा आहे: तापमान नेहमीपेक्षा साधारण दहा अंशांनी जास्त राहिलं की आयुष्य निम्मं होतं. तिसरी फेज दिसायला चांगली होती, पण तिचं वय झालं होतं. एकविसाव्या दिवशी तिने बॉडीला शॉर्ट दिला.

हे आधी कळलं असतं का? कळलं असतं. साध्या मल्टीमीटरने नाही, कारण तो तारेत करंट जातो की नाही एवढंच छोट्या बॅटरीवर तपासतो आणि अशक्त झालेलं वेष्टनही त्याला चांगलंच दिसतं. त्यासाठी मेगर लागतो. तो तार आणि बॉडी यांच्यामध्ये पाचशे व्होल्ट लावून वेष्टनातून किती गळती होते ते मोजतो. नुकत्याच भरलेल्या मोटरीचा आकडा खूप वर असतो. तो एक मेगाओहमच्या आसपास आला की सावध व्हायचं आणि त्याखाली गेला तर मोटर बोअरमध्ये सोडायचीच नाही. मिस्त्रींकडे मेगर आहे. त्यांनी तो लावलाही असेल. पण कागदावर आकडा नव्हता, कारण ‘दुरुस्ती’ या शब्दाला आकड्याची गरज पडत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी आमच्या अंगावर येते. स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर नावाचा एक भाग असतो. एक फेज गेली की तो मोटर बंद करतो. आमचा प्रिव्हेंटर दोन वर्षांपासून ‘डायरेक्ट’ होता, म्हणजे त्याच्या तारा काढून थेट जोडलेल्या होत्या. का, तर तो रात्री सारखा ट्रिप व्हायचा आणि बाबांना थंडीत उठून शेतात जावं लागायचं. मोटर जळण्याचं मूळ तिथे होतं. दुकानात आणलेली मोटर कितीही उत्तम भरली असती, तरी ती परत त्याच स्टार्टरला जोडली जाणार होती.

म्हणजे त्या एका ओळीत तीन वेगळी वाक्यं असायला हवी होती. दोन फेज नवीन भरल्या. तिसरी जुनीच ठेवली, तिची गॅरंटी नाही. एक फेज गेल्याने मोटर जळाली आहे, स्टार्टर तपासून घ्या. यातलं दुसरं वाक्य वाचून बाबांनी कदाचित तीन हजार जास्त दिले असते आणि तिन्ही फेज भरून घेतल्या असत्या. कदाचित दिलेही नसते. पण मग निर्णय त्यांचा असता.

‘दुरुस्त’ हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ बरोबर, ठीकठाक, शाबूत. म्हणजे तो मुळात स्थिती सांगतो, कृती सांगत नाही. ‘मोटर दुरुस्त आहे’ म्हणजे मोटर शाबूत आहे. आपण त्याला ‘करणे’ जोडून क्रियापद बनवलं आणि तिथून घोळ सुरू झाला. ‘मोटर दुरुस्त केली’ यात ग्राहक स्थिती ऐकतो, की आता ती ठीक आहे. दुकानदार कृती सांगत असतो, की मी त्यावर काहीतरी काम केलं.

गंमत अशी, की मराठीला नेमक्या शब्दांचा तोटा नाही. उलट या बाबतीत आपली भाषा कंजूष नाही, चिकित्सक आहे. कापडाला ठिगळ लावलं म्हणजे वरून दुसरा तुकडा आला, तो दिसणार. रफू केलं म्हणजे धाग्यानेच विणून भोक बुजवलं, नीट पाहिलं तरच दिसेल. भांड्याला डाख दिला म्हणजे भोक वितळलेल्या धातूने बंद केलं, कल्हई केली म्हणजे भोक नव्हतंच, फक्त आतला थर नवीन. जात्याला टाकी लावली म्हणजे दगड तोच, खरखरीतपणा परत आणला. चपलेचा तळ बदलला, अंगठा शिवला. घराची डागडुजी केली म्हणजे पावसाळ्यापुरतं निभावलं. यातलं प्रत्येक क्रियापद काय बदललं हे सांगतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय जुनंच राहिलं हेही सांगतं. रफू केलेली पँट फाटली तर कुणी रफूवाल्याकडे नवीन पँट मागत नाही.

मिस्त्रींच्या दुकानात एक तास बसा. ‘दोन फेज भर’, ‘बुश बदल’, ‘थ्रस्ट घासलाय, चालून जाईल’, ‘केबलचा जोड कच्चा आहे, परत मार’. सगळी बोलणी तपासून पाहता येतील अशी. त्याच माणसाच्या हातात पेन आलं, की ती सगळी क्रियापदं गायब होतात आणि कागदावर ‘रिपेअर’ उतरतो. त्यांना वाटतं, ‘भरणे’ हा गावंढळ शब्द, कागदावर शोभणार नाही. हा समज त्यांना कुणी दिला? आम्ही शिकलेल्यांनी. आम्हीच बोलीतला नेमका शब्द कागदासाठी नापास केला आणि त्याच्या जागी गुळगुळीत, प्रतिष्ठित, पोकळ शब्द बसवला. मोबाइलच्या दुकानात तुम्हीही हे अनुभवलं असेल. पोरगा काउंटरवर स्पष्ट विचारतो, ‘नुसती काच बदलू की फोल्डर टाकू?’ दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. आणि बिलावर काय येतं? ‘डिस्प्ले रिपेअर’.

माझ्या धंद्याचंही तोंड काही स्वच्छ नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे प्रत्येक बदलासोबत तो का केला याची एक ओळ लिहायची पद्धत आहे. मी पहिल्या नोकरीत लागलो तेव्हा ज्या प्रोजेक्टवर बसवलं, त्याचा इतिहास असा दिसायचा:

```
a3f91c2 fix
77be0d1 fix again
e01d4aa final fix
```

दुसऱ्या ‘फिक्स’वरून एवढंच कळतं, की पहिला फिक्स नव्हता. यातली एक ओळ मीच लिहिली होती, कोणती ते सांगत नाही.

पण आमच्याकडे याच रोगाचं औषधही आहे. त्याचं नाव पॅच. संगणकाचे प्रोग्रॅम कागदाच्या पट्टीवर भोकं पाडून ठेवले जायचे, त्या काळात चूक सुधारायची तर तेवढा भाग कापून तिथे खरोखरचा तुकडा चिकटवत. ठिगळच ते. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी `patch` नावाचा प्रोग्रॅम लिहिला. दोन आवृत्त्यांमधला फरक लिहिलेली छोटी फाइल त्याला दिली, की तो जुन्या फाइलवर तेवढाच बदल चढवतो. त्या फाइलची मांडणी आजही आम्ही रोज वाचतो. काढलेल्या ओळीपुढे वजा, घातलेल्या ओळीपुढे अधिक. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते: बदलाच्या वर-खाली न बदललेल्या काही ओळीही तशाच दाखवलेल्या असतात, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की बदल कशाच्या शेजारी बसलाय.

आमच्या मोटरीचं अंदाजपत्रक या पद्धतीने लिहिलं असतं तर:

```
- जळालेली तार, फेज १ आणि २
+ नवीन तांब्याची तार, फेज १ आणि २
  फेज ३: जुनीच
  बुश, थ्रस्ट बेअरिंग: जुनेच
  स्टार्टर: पाहिला नाही
```

पाच ओळी. यातल्या शेवटच्या तीन ओळी पैशाच्या नाहीत, म्हणून कोणतंही दुकान त्या लिहीत नाही. भांडण मात्र त्याच तीन ओळींवरून होतं.

जुन्या वास्तूंची काळजी घेणाऱ्या लोकांनी हा वाद फार आधी घातलाय. आमच्यापासून जवळच लोणारला दैत्यसूदनाचं मंदिर आहे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणातलं. अशा ठिकाणी मूळ दगड सांभाळणं वेगळं आणि पडलेला भाग पुन्हा उभा करणं वेगळं, यावर जगभरचे जाणकार भांडले आणि १९६४ च्या व्हेनिस सनदेत त्यांनी ठरवलं, की अंदाज सुरू होतो तिथे पुनरुभारणी थांबली पाहिजे, आणि नव्याने घातलेला भाग एकूण वास्तूशी जुळणारा पण ओळखू येणारा असला पाहिजे. आता आपल्या गावोगावचे जीर्णोद्धार आठवा. जुनं दगडी देऊळ पाडून स्लॅबचं नवीन बांधलं तरी पावतीपुस्तकावर ‘जीर्णोद्धार’च छापलेलं असतं. त्यात उद्धार कुणाचाही होवो, जीर्ण तेवढं नक्की नाहीसं होतं. शब्द जितका मोठा, तितकं त्याच्याखाली जास्त मावतं.

मित्रांशी हे बोललो तर लगेच कायदा निघतो. ‘ग्राहक मंचात जा ना.’ ठीक आहे, कायदा पाहू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात सेवेतली ‘त्रुटी’ कशाला म्हणायचं हे कलम २(११) सांगतं. सोप्या भाषेत, कायद्याने ठरवलेल्या किंवा करारात करायचं कबूल केलेल्या कामाच्या दर्जात आणि रीतीत कमतरता म्हणजे त्रुटी. त्यातलं ‘कबूल केलेल्या’ हे नीट वाचा. त्रुटी मोजायची ती कबुलीच्या मापाने. मग कबुलीच ‘मोटर दुरुस्ती’ एवढी असेल, तर माप कुठून आणणार? मोटर दुकानातून निघताना चालत होती. दुरुस्ती झाली. हाच कायदा बिल न देण्यालाही अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो, पण आमच्याकडे कागद होता. कागद होता आणि त्याचा काहीही उपयोग नव्हता.

गेल्या काही वर्षांत ‘राइट टू रिपेअर’चं बरंच बोललं गेलं. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि तिच्या यादीत मोबाइल, गाड्या, घरगुती उपकरणांसोबत शेतीची अवजारंही होती. कंपन्यांनी सुटे भाग द्यावेत, माहितीपुस्तिका खुल्या कराव्यात, ही मागणी मला शंभर टक्के मान्य आहे. पण आमच्या मोटरीला कंपनीने कधीच अडवलं नव्हतं. तार बाजारात मिळते, मिस्त्री गावाजवळ आहे, कुलूप कुठेच नाही. दुरुस्तीचा हक्क आम्हाला होताच. काय दुरुस्त केलं हे जाणून घेण्याचा नव्हता.

आता यावर जे आक्षेप येतात त्यातला एक सोपा आहे आणि एक खरोखर अवघड.

सोपा असा, की ‘उघडल्याशिवाय काय सांगणार? अंदाजपत्रक आधी द्यावं लागतं.’ बरोबर. म्हणून ते दोनदा द्यावं. पहिल्यांदा फक्त ‘उघडून पाहणे’ आणि त्याचे दोनशे-तीनशे जे असतील ते. डॉक्टर तपासणीची फी आणि ऑपरेशनचा खर्च एकत्र सांगत नाहीत. उघडल्यावर मग काय दिसलं, काय बदलायचं, काय ठेवायचं. तसंही मिस्त्री फोन करून विचारतातच, ‘दोन फेज गेल्यात, काय करू?’ तो फोन व्हॉट्सअॅपच्या मेसेजमध्ये उतरवायचा आहे, एवढंच.

अवघड आक्षेप मला मिस्त्रींनीच ऐकवला, दिवाळीला गावी गेलो तेव्हा. म्हणाले, ‘दादा, तू म्हणतो ते सगळं लिहितो. पण म्या लिहिलं तिसरी फेज जुनी, गॅरंटी नाही, आन् समोरच्या दुकानवाल्यानं लिहिलं मोटर दुरुस्ती, गॅरंटीसह, तर गिऱ्हाईक कुठं जाईल?’

याला माझ्याकडे पटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं. प्रामाणिक अंदाजपत्रक नेहमी जास्त भयानक दिसतं. जो ‘जुनंच ठेवलं’ लिहितो तो कामचुकार वाटतो, जो काहीच लिहीत नाही तो आत्मविश्वासू. हे बाजाराचं जुनं दुखणं आहे आणि एका मिस्त्रीने त्याची किंमत मोजावी असं म्हणण्याचा अधिकार मला, महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्याला, नाही. म्हणून माझा राग मिस्त्रींवर नाही. तो आपल्यावर आहे, फोनवर आलेला कागदाचा फोटो वाचू शकणाऱ्या आपल्यावर. आई-बाबा असे फोटो आपल्याकडे कशाला पाठवतात? आपण वाचून काहीतरी विचारू म्हणून. मी रोज दुसऱ्यांच्या कोडमध्ये ‘हे नक्की काय बदललं?’ असं लिहून बदल परत पाठवतो, त्यासाठी मला पगार मिळतो. त्या दिवशी मीटिंगमध्ये तो फोटो पाहून मी अंगठा पाठवला. समोरच्या ज्युनिअरने ‘fix’ एवढंच लिहून पाठवलं असतं, तर मी ते मंजूर केलं नसतं.

दोन प्रश्न पुरले असते. जुनं काय राहतंय? आणि हे कशामुळे बिघडलं? पहिल्या प्रश्नाला मिस्त्री पाच सेकंदात उत्तर देऊ शकतात, कारण मोटर त्यांच्यासमोर उघडी पडलेली असते. दुसऱ्याला थोडा वेळ लागेल आणि कधीकधी उत्तर ग्राहकालाच झोंबेल. आमच्या बाबतीत झोंबलंच असतं, कारण प्रिव्हेंटर आम्हीच डायरेक्ट केला होता. मला वाटतं कित्येकदा ‘दुरुस्ती’ हा मोघम शब्द ग्राहकालाही सोयीचा असतो. त्यात त्याचीही चूक झाकली जाते.

भांडण शेवटी कसं मिटलं, तर गावात मिटतं तसं. मिस्त्रींनी तिसरी फेज फक्त तारेच्या पैशांत भरली, मजुरी घेतली नाही. काढण्या-सोडण्याचे अठराशे बाबांनी भरले. गव्हाला पाणी नऊ दिवस उशिरा मिळालं आणि दाणा बारीक राहिला.

दिवाळीतल्या त्या गप्पांनंतर मी मिस्त्रींना एक पॅड छापून दिलं. शंभर पानं, कार्बनसकट. त्यात ‘दुरुस्ती’ हा शब्द कुठेच नाही. चार रकाने आहेत: काय दिसलं, काय बदललं, काय जुनं ठेवलं, काय पाहिलं नाही. खाली सोडण्याआधीचा मेगरचा आकडा आणि चालू केल्यावर तिन्ही फेजचा करंट लिहायला जागा. करंट क्लॅम्प मीटरने मोजायचा, तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत आणि मोटरच्या प्लेटवर लिहिलंय त्याच्या वर जायला नकोत. मिस्त्रींनी पॅड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, ‘शेवटचा रकाना कशाला? जे पाहिलंच नाही ते कशाला लिहायचं?’ मी म्हटलं, तोच तर तुमच्या कामाचा. पुढच्या वेळी कुणी भांडायला आलं तर तोच दाखवा.

या जानेवारीत बाबांचा परत एक फोटो आला. मोटर आमची नव्हती, शेजारच्या काकांची होती. त्यांना कागद समजेना म्हणून बाबांनी पुढे पाठवला होता. तीन रकाने मिस्त्रींच्या घाईच्या अक्षरात भरलेले, ‘तिनी फेज भरल्या’, ‘बुश नवा’, ‘थ्रस्ट जुना, एक सीझन जाईल’. चौथ्या रकान्यात लिहिलं होतं, ‘स्टार्टर घरी आहे, आणला नाही’.

खाली बाबांचा मेसेज: ‘त्यांना स्टार्टर घेऊन पाठवलंय. आपलापण दे म्हणतो सोबत, प्रिव्हेंटर बसवून घेऊ.’